पासपोर्ट १६ मेपर्यंत, प्रवास नोव्हेंबरात: सहा महिने कुठून मोजायचे?

प्रश्न: "आम्ही परभणीचे. भाऊबीज झाली की मलेशिया आणि बालीला जायचं ठरलंय. १२ नोव्हेंबर २०२६ ला रात्री मुंबईहून विमान, १३ ला सकाळी क्वालालंपूर, १७ ला बाली, २१ ला बालीहून क्वालालंपूर आणि त्याच रात्री परत मुंबई. माझा आणि मुलाचा पासपोर्ट २०२८ च्या पुढचा आहे, पण बायकोच्या पासपोर्टची मुदत १६ मे २०२७ ला संपते. टूरवाला म्हणतो, सहा महिन्यांच्या वर चार दिवस आहेत, बिनधास्त जा. मेव्हणा म्हणतो, जाऊ नका. मी १८० दिवस मोजले तर बालीलासुद्धा बरोबर बसतात. कोणाचं खरं मानू? आत्ता ऑगस्ट चालू आहे."

मेव्हण्याचं ऐका. वहिनींच्या या पासपोर्टवर हा प्रवास करू नका. ऑगस्ट चालू आहे म्हणजे नवा पासपोर्ट काढायला वेळ आहे. पण नुसतं 'नको' म्हणून तुमचं समाधान व्हायचं नाही, कारण टूरवाल्याचा हिशेब वरवर पाहता बरोबर दिसतो आणि तुमचाही दिसतो. दोघांचं गणित कुठे घसरतंय ते नीट पाहू. माझं लातूरला तिकीट-व्हिसाचं ऑफिस आहे आणि दिवाळीच्या आधी असे पासपोर्ट टेबलावर येतातच.

टूरवाल्याने मोजायला सुरुवात केली मुंबईच्या तारखेपासून. १२ नोव्हेंबरला सहा महिने मिळवले की १२ मे, आणि पासपोर्ट १६ मेपर्यंत, म्हणून वरचे चार दिवस. पण मुंबई सोडल्याची तारीख इथे कोणी विचारत नाही. मलेशियाचा नियम आहे त्यांच्या देशात पाऊल ठेवल्यापासून सहा महिने. रात्रीचं विमान सकाळी उतरतं, म्हणजे तारीख १३ झाली आणि चाराचे तीन दिवस राहिले. एवढ्याने काही बिघडत नाही, मलेशियात त्या जाऊ शकतात. टूरवाला इथेच थांबला.

पुढे बाली आहे. बाली म्हणजे इंडोनेशिया, वेगळा देश, वेगळं इमिग्रेशन, आणि त्यांचाही नियम तोच: पोचल्याच्या दिवशी पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक हवेत. तिथे तुम्ही पोचताय १७ नोव्हेंबरला. १७ नोव्हेंबर अधिक सहा महिने म्हणजे १७ मे २०२७. पासपोर्ट संपतो १६ मेला. एक दिवस कमी. एका सहलीत दोन देश असले की सहा महिने दोनदा मोजायचे, प्रत्येक देशाच्या दारातून स्वतंत्र. सहल जशी पुढे सरकते तशी शिल्लक कमी होत जाते, म्हणून अडचण कायम शेवटच्या देशात येते. आणि लोक हिशेब करतात पहिल्या देशाचा.

आता तुमचे १८० दिवस. १७ नोव्हेंबरपासून मोजत गेलं की १८०वा दिवस नेमका १६ मेला येतो, तुमची बेरीज चुकलेली नाही. पण नियमात दिवस लिहिलेले नाहीत, महिने लिहिलेले आहेत. कॅलेंडरचे सलग सहा महिने कधीही १८० दिवसांचे नसतात. फेब्रुवारी मध्ये आला तर १८१ ते १८३, आणि १ मार्च ते १ सप्टेंबर असा पट्टा घेतला तर १८४ भरतात. म्हणजे दिवसांनी मोजणारा माणूस प्रत्येक वेळी एक ते चार दिवस स्वतःच्या बाजूने झुकतं माप घेतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, कारण लोकांच्या पासपोर्टला दोन-चार वर्षं बाकी असतात. तुमच्यासारखी काठावरची केस आली की तेवढ्यावरच सगळं अडतं. म्हणून तारीख तीच ठेवायची, महिन्याचा आकडा सहाने पुढे न्यायचा. नोव्हेंबरची १७ ती मेची १७. बस.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर एक्सेलमध्ये पोचण्याची तारीख A2 मध्ये लिहा आणि शेजारच्या घराचं फॉरमॅट Date करून तिथे हे टाका:

```
=EDATE(A2,6)
```

जे उत्तर येईल ते पासपोर्टच्या अखेरच्या तारखेच्या आधीचं हवं. उत्तर आणि अखेरची तारीख एकच आली तर कागदावर 'किमान सहा महिने' भरतात, पण अशा जागी मी तिकीट काढून देत नाही. विमान मध्यरात्रीच्या पुढे उशिरा निघालं, पोचण्याची तारीख एकाने सरकली, की संपलं. माझ्या ऑफिसात पंधरा दिवसांची मोकळीक असल्याशिवाय बुकिंग घेत नाही. हा नियम कुठल्या सरकारचा नाही, माझा आहे, पण तो असला की भांडणं होत नाहीत.

महिनाअखेरीला मात्र हे सरळ गणितही अडखळतं, तेवढं सांगून पुढे जातो. समजा कोणी ३० ऑगस्टला पोचतोय आणि पासपोर्ट २८ फेब्रुवारी २०२७ ला संपतोय. ३० ऑगस्टच्या पुढे सहा महिने म्हणजे ३० फेब्रुवारी, जी नसतेच, म्हणून एक्सेल २८ फेब्रुवारी देतं. पास. आता उलट मोजा, २८ फेब्रुवारीतून सहा महिने मागे जा: २८ ऑगस्ट. या हिशेबाने ३० ऑगस्टला पोचणारा दोन दिवस उशिरा आहे. नापास. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर, आणि समोरचा कर्मचारी कुठली धरेल ते आपल्या हातात नाही. म्हणून मी कायम अखेरच्या तारखेपासून मागे येतो आणि ग्राहकाला एकच तारीख सांगतो: याच्या नंतर कुठल्याही नव्या देशात शिरायचं नाही. वहिनींसाठी ती तारीख १६ नोव्हेंबर २०२६. बालीची १७, आणि परतीच्या क्वालालंपूरची २१. दोन्ही बाहेर.

परतीचं ते क्वालालंपूर तुमच्या प्रश्नात एका ओळीत उरकलंय, पण खरी मेख तिथेही आहे. तुमचं तिकीट कसं काढलंय ते पाहा. मुंबई ते बाली आणि परत असं सगळं एकाच बुकिंगमध्ये असेल, तर २१ तारखेला क्वालालंपूरला सामान पुढच्या विमानात आपोआप जातं, तुम्ही आतल्या आत विमान बदलता, मलेशियाच्या इमिग्रेशनसमोर जायचं कारण पडत नाही. पण स्वस्त पडतं म्हणून बऱ्याच टूरवाल्यांकडे तुकड्या-तुकड्यांची तिकिटं असतात: मुंबई-क्वालालंपूर एका कंपनीचं, क्वालालंपूर-बाली दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळे पीएनआर. तसं असेल तर परत येताना सामान घ्यायला बाहेर यावं लागतं. बाहेर येणं म्हणजे मलेशियात पुन्हा प्रवेश, आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. २१ नोव्हेंबर अधिक सहा म्हणजे २१ मे. इथे तर पाच दिवस कमी पडतात. एकच सहल, पण प्रवेश तीन, आणि त्यातले दोन अडकलेले.

आता अडवतो कोण, हे समजून घ्या, कारण 'आमचा शेजारी गेला होता, कोणी विचारलं नाही' हे वाक्य मला आठवड्याला ऐकू येतं. व्हिसा आधी काढायचा असतो त्या देशांत पासपोर्ट घरबसल्या एकदा तपासला जातो. मुदत कमी असेल तर अर्ज परत येतो, फार तर व्हिसाची फी जाते. तुमच्या सहलीत तसं नाही. मलेशियाला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही आणि बालीला उतरल्यावर मिळतो. म्हणजे घर सोडेपर्यंत वहिनींचा पासपोर्ट कोणी अधिकारी उघडून पाहणारच नाही. पहिला पाहणार तो विमान कंपनीचा काउंटरवरचा माणूस. कंपनीच्या हातात टिमॅटिक नावाची यंत्रणा असते. त्यात प्रवाशाचं नागरिकत्व, कुठे चाललाय आणि पासपोर्टची माहिती घातली की त्या देशाच्या अटी समोर येतात. अट न बसणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणायचं कंपनीच्या अंगावर येतं, वर दंड होऊ शकतो. म्हणून तो माणूस सहसा 'जाऊ द्या' म्हणत नाही. त्याच्यापुढे गयावया करून उपयोग नसतो, आणि त्याचाही काही दोष नसतो.

तुकड्यांच्या तिकिटांत हे काउंटर कुठे लागतं पाहा. मुंबईचा कर्मचारी फक्त क्वालालंपूरपर्यंतचं पाहील. १३ मे झाला, पासपोर्ट १६ पर्यंत, बोर्डिंग पास हातात. तुम्ही खूश, टूरवाला खरा ठरला. चार दिवसांनी क्वालालंपूरच्या काउंटरवर बालीचं विमान, तिथे इंडोनेशियाची अट, आणि वहिनींना बाजूला उभं करतील. परक्या गावात, बालीचं हॉटेल आधीच भरलेलं, मुलगा सोबत, आणि ठरवायचं की दोघांनी पुढे जायचं की तिघांनी मागे फिरायचं. एकच बुकिंग असेल तर हे सगळं मुंबईतच होऊ शकतं, कारण तिथला कर्मचारी बालीपर्यंतचं पाहू शकतो. मग देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर करून आलेली माणसं सामानासकट परत परभणीला. दोन्हींत बरं काय, ते तुम्हीच ठरवा.

पासपोर्ट स्वतः तपासताना एक गोष्ट पाहायला सांगतो. आपल्याकडे दहा वर्षांच्या पासपोर्टची मुदत जारी केलेल्या तारखेच्या एक दिवस आधी संपते. वहिनींचा १७/०५/२०१७ ला निघाला असणार, म्हणून १६/०५/२०२७. बरेच जण 'मेच्या सतराला काढला होता, म्हणजे दहा वर्षं सतरापर्यंत' असं तोंडी धरतात आणि तोच एक दिवस महागात पडतो. तारीख आठवणीतून सांगू नका, पान उघडा. छापलेल्या तारखेवर शाई पुसट असेल किंवा ७ आणि १ मध्ये घोटाळा वाटत असेल तर त्याच पानाच्या तळाशी मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यातली दुसरी पाहा. तिच्यात मधोमध असं काहीतरी दिसेल:

```
IND8811042F2705169
```

IND नंतरचे सहा आकडे जन्मतारीख, उलट्या क्रमाने: वर्ष, महिना, दिवस. मग एक पडताळणीचा आकडा, मग F किंवा M, आणि त्यानंतरचे सहा आकडे मुदत: 270516, म्हणजे २०२७, पाचवा महिना, सोळा तारीख. शेवटचा 9 पुन्हा पडताळणीचा, तो तारखेत धरू नका. काउंटरवरचं मशीन हीच ओळ वाचतं.

आणि हे प्रत्येकाचं वेगळं पाहायचं. तुमच्या मुलाचा २०२८ चा आहे म्हणून प्रश्न नाही, पण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. आई-बापाचा दहा वर्षांचा पाहून घरातले सगळे निर्धास्त बसतात आणि पोराचा मधेच संपतो.

हे सगळं मलेशिया-बालीचं झालं. सगळीकडे सहा महिने नसतात आणि सगळीकडे पोचण्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, म्हणून मेव्हण्याने 'सहा महिन्यांच्या आत कुठेच जाता येत नाही' असं म्हटलं असेल तर तेही पूर्ण खरं नाही. दुबई, थायलंड, व्हिएतनाम इथे पोचल्यापासून सहा महिने धरून चला. युरोपात शेंगेन देशांचा नियम उलट्या टोकाने सुरू होतो: तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने. वहिनींचा हाच पासपोर्ट घेतला तर १६ मेतून तीन महिने मागे, म्हणजे १६ फेब्रुवारी २०२७ पर्यंत युरोपातून बाहेर पडलं की झालं. ज्या पासपोर्टवर नोव्हेंबरात बालीला जाता येत नाही, त्याच पासपोर्टवर नोव्हेंबरात पॅरिसला जाता येतं. इंग्लंडला तर राहण्याच्या काळापुरता पासपोर्ट चालू असला की भागतं. आपल्याकडून उमऱ्याला पुष्कळ लोक जातात, तिथेही सहा महिने लागतात. हजचं मात्र वेगळं, तिथे हज कमिटी दर वर्षी सूचनांमध्ये एक ठराविक तारीख देते आणि पासपोर्ट त्या तारखेपर्यंत चालू हवा असतो, तिथे महिने मोजत बसायचंच नाही. थोडक्यात, कुठल्याही देशासाठी दोन गोष्टी विचारायच्या: किती महिने, आणि कुठल्या तारखेपासून. यातली दुसरी विचारायची लोकांकडून राहून जाते.

टूरवाल्याला तारखा अलीकडे घ्यायला सांगितलं तर चालेल का, असं तुमच्या मनात येईल. चालेल, पण तुमच्या अडचणीत नाही. भाऊबीज ११ नोव्हेंबरला. क्वालालंपूरचे दिवस कमी करून १५ ला बालीत शिरलात तर बालीचं जमतं, एका दिवसाच्या फरकाने. पण परतीला तुकड्याचं तिकीट असेल तर १६ पर्यंत मलेशियात परत यायला हवं, म्हणजे बालीत एक रात्र. त्यासाठी कोण एवढा खर्च करतं?

त्यामुळे नवा काढा. मुदत संपायला वर्ष राहिलं की अर्ज करता येतो आणि तुम्ही त्या वर्षाच्या आत आहात. पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर 'Re-issue of Passport' निवडा आणि कारणात 'Validity Expired within 3 years/Due to Expire'. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. ऑगस्टमध्ये अर्ज करताय तर तत्काळची गरज वाटत नाही, पण तुमच्या जवळच्या केंद्रात अपॉइंटमेंट कधीची मिळते ते आधी पाहा. पुढचे दिवस लागतात ते पोलीस पडताळणीत, आणि पत्ता बदललेला असेल तर जास्त. गणपती, नवरात्र आले की पोलीस ठाण्यातला माणूस बंदोबस्तात असतो, म्हणून अर्ज लांबवू नका. जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळत नाहीत, ते सोडायचे. लोकांना त्याचा फार जीव तुटतो, म्हणूनच ते शेवटपर्यंत थांबतात.

अर्जात एक जपा. लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट असेल आणि 'आता काढतोच आहोत तर सासरचं आडनाव लावू' असं मनात असेल, तर तिकिटं निघालेली आहेत का ते आधी बघा. तिकिटावरचं नाव आणि नव्या पासपोर्टवरचं नाव वेगळं झालं तर पुन्हा काउंटरवर अडचण, आणि स्वस्त तिकिटात नाव बदलून मिळणं अवघड. या सहलीपुरतं नाव आहे तसंच ठेवा.

अपॉइंटमेंटला मूळ जुना पासपोर्ट न्यावा लागतो. तो रद्द करून, शिक्का मारून परत देतात. त्या क्षणापासून नवा हातात येईपर्यंत वहिनींना देशाबाहेर जाता येणार नाही, मधे कुठे जायचं नसेल तर बिघडत नाही. जुन्यात एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल तर तो फेकू नका, नव्यासोबत जुनाही न्यायचा असतो. तुमच्या सहलीत आधी काढलेला व्हिसा नाही, त्यामुळे काम सोपं आहे. नवा नंबर आला की विमान कंपनीच्या बुकिंगमध्ये तो बदलून घ्या. तिकीट बदलावं लागत नाही, प्रवाशाच्या माहितीत दुरुस्ती होते. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरतात, म्हणजे ते नव्या नंबरावरच भरलं जाईल. टूरवाल्याला मात्र नव्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा आणि जुना त्याच्या फोनमधून काढून टाकायला सांगा, नाहीतर ऐन वेळी तो जुनाच नंबर भरून मोकळा होतो.